हयातीपर्यंत

"बाई, दिसतं तेवढंच लिही. शिक्का पुसट असेल तर पुसट म्हण. आपल्या मनातली अक्षरं त्यात भरू नकोस."

तिला काम शिकवणारे अनुवादक केव्हाच हे जग सोडून गेले. त्यांचा आवाज मात्र रोज टेबलाशी येऊन बसतो. आजही बसला होता. तिचे डोळे दुपारीच थकले होते, आणि समोरचा चाळिशीतला माणूस मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा करत होता.

आईनं त्याला दिलेलं मुखत्यारपत्र. तिचं घर विकण्याचा अधिकार. घेणाऱ्याच्या बँकेला उद्याच इथल्या भाषेतला प्रमाणित अनुवाद हवा होता. "एकदा घर गेलं की सुटलो, ताई. धाकट्या भावाशी बोलणंच बंद आहे. त्याची सही मागायची वेळ नको."

ती टाइप करत गेली. मुद्रांकाचा अनुक्रमांक. मुद्रांक विक्रेत्याचा आयताकृती शिक्का, जांभळी शाई. नोटरीचा गोल शिक्का, कडेची अक्षरं अवाचनीय. लिहून देणार यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा.

"शिक्केबिक्के कशाला? मजकूर द्या की!"

"शिक्क्यांवाचून हा कागद म्हणजे घरगुती चिठ्ठी. आणि ही शेवटची ओळ? तुमच्या बोटाखाली गेलीय."

"फोटो काढताना आलं असेल मध्ये."

"मग मी लिहिणार, 'एक ओळ बोटाने झाकलेली'. बँक परत पाठवेल. मूळ कागद?"

"घरी, कपाटात." त्यानं नाइलाजानं स्क्रीन सरकवली. "हा जुना फोटो आहे. अंगठा दिला त्या दिवशीचा."

यात कागद आईनंच धरला होता. कडेला तिचा शाईनं माखलेला अंगठा, सुरकुतलेला, शहाण्या पोरासारखा ओळीपासून दूर राहिलेला. शेवटची ओळ लख्ख होती: 'सदर मुखत्यारपत्र माझ्या हयातीपर्यंत अंमलात राहील.'

तिनं ती ओळ टाइप केली. तो खुर्चीत पुढे सरकला.

"एवढी एक गाळा ना. कोण बघतंय?"

"गाळता येत नाही. खाली मी सही करते, पूर्ण आणि अचूक म्हणून. आणि दादा, ओळ गाळली तरी कायदा तोच. देणारं माणूस असेपर्यंतच मुखत्यारपत्र चालतं." ती थांबली. मग हलकेच म्हणाली, "आई बऱ्या आहेत ना?"

त्यानं फोन टेबलावरच राहू दिला. स्क्रीन मंद होऊ लागली, तसा त्यानं घाईनं स्पर्श केला. आईचा अंगठा पुन्हा उजळला. पुन्हा मंद, पुन्हा स्पर्श. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. तिनं पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला आणि कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले.

"धाकट्यालाही कळवलं नाही अजून," तो म्हणाला. "कुणालाच तोंडानं सांगितलं नाही. ताई... आई गेली."