दीड बाई

वसई स्टेशनाजवळच्या हरकिसनशेठच्या कंदील कारखान्यात पाळीला साडेचारशे कंदील निघाले पाहिजेत, असं ठरलं. जेवणाची सुट्टी वगळता कामाची मिनिटंही साडेचारशेच. म्हणजे मिनिटाला एक कंदील. हिशेब इतका सरळ होता, म्हणूनच प्लासिड मिस्त्रीला चैन पडत नव्हतं.

टाकीवर वातीसकट बर्नर बसवायला किती वेळ लागतो, हे त्याने घरच्या पद्धतीने मोजलं होतं. त्याची आई अंडी उकडताना नमो मरिया ही प्रार्थना म्हणायची, मिनिटाला तीन. बर्नरला सहा लागल्या. दोन मिनिटं, म्हणून बर्नरवर दोन बायका: जुलियाना आणि क्लारा. क्लारा ही प्लासिडची विधवा मेहुणी. तिच्या घरची चूल या कामावरच पेटत होती.

मग शेठने सेकंदाचं घड्याळ आणलं. बर्नरला नव्वद सेकंद निघाले.

"मिस्त्री, प्रार्थना फार घाईत करता तुम्ही," शेठ म्हणाले. "दीड मिनिट. म्हणजे दीड बाई."

"दीड बाई कुठून आणू, शेठ?"

"एक ठेवा. क्लाराला सोमवारपासून घरी बसवा."

फाटकाशी क्लाराने प्लासिडला गाठलं. "भाऊजी, देवाच्या हिशेबात मी पूर्ण होते, घड्याळाच्या हिशेबात अर्धी कशी झाले?"

सोमवारी जुलियाना एकटी. तिच्यापुढे टाक्यांचा ढीग वाढत गेला. शेठ घड्याळ घेऊन येरझाऱ्या घालत होते.

"हात चालव."

"दोनच आहेत, शेठ."

संध्याकाळी कंदील भरले तीनशे.

"घड्याळ बंद पडलं होतं का?"

"नाही शेठ," प्लासिड म्हणाला. "दीड मिनिटाला एक, त्याचे तीनशेच होतात. अर्धी बाई फाटकाबाहेर राहिली."

"मग लाईनीत कुणाचा तरी अर्धा वेळ मोकळा असेल. तो बर्नरला लावू."

प्लासिडला ठाऊक होतं. मोकळा वेळ होता. पुढच्याच जागी काच बसवायला अर्धं मिनिट लागे आणि तिथे शेठचा भाचा रमणिक बसे. अर्धं मिनिट काच, अर्धं मिनिट केसांचा भांग. हे सांगितलं की क्लारा कायमची घरी. प्लासिडने उद्याच्या टाक्यांचा विषय काढला.

पण दुसऱ्या दिवशी शेठ घड्याळ घेऊन एकेक जागा मोजत निघाले आणि रमणिकपाशी येऊन थांबले. तीस सेकंद. मग कंगवा निघाला.

"रमणिक, मधल्या वेळात बर्नर बसवशील?"

"बसवीन की, मामा. पत्र्याने बोटं कापली तर आईला तुम्हीच सांगा."

शेठनी बहिणीचा विचार केला. घड्याळ खिशात गेलं.

"मिस्त्री, माणूस कधी अर्धा असतो का? दीड आलं की दोन धरायचे. एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"चुकलं, शेठ."

बुधवारी क्लारा कामावर आली. संध्याकाळी प्लासिड चर्चमध्ये गेला आणि रमणिकच्या आळसाला उदंड आयुष्य मागून त्याने एक नमो मरिया म्हटली. अगदी सावकाश.