शीर

मांडीची शीर चढणं आणि मांडीचा स्नायू फाटणं ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे चिंचवडच्या त्या पंपाच्या कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. कुसुमलाही नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा ते ज्याला त्याला पटवून सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले.

ज्योतीरामला कारखान्याने कोल्हापुराहून उचलून आणला होता तो पायांसाठी. कागदावर तो मोल्डिंग खात्यातला हंगामी कामगार, पण खरं तर फुटबॉलच्या मैदानात डाव्या बगलेवरून चेंडू घेऊन सुटणारा गडी. पुढच्या हंगामात कायम करू, खोली देऊ, असा शब्द उद्धवरावांनी दिला होता. उद्धवराव कामगार अधिकारी, खेळांचंही तेच बघत. तोवर तो, बायको कुसुम आणि वर्षाची बेबी एका गोठ्याला लागून असलेल्या पडवीत राहत होते. पोरीचा खोकला काही हटत नव्हता. कुसुम इंटरपर्यंत शिकलेली. झोपलेल्या पोरीच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायची खोड तिला त्याच पडवीत लागली.

कारखान्याच्या वार्षिक खेळांना सकाळी ज्योतीराम शंभर यार्डांत पळाला, पहिला आला, आणि दुपारी लगेच फुटबॉलला उतरला. खेळ संपत आला होता. लांबून आलेल्या चेंडूमागे तो सुटला, डावा पाय पुढे फेकला, आणि पाय जमिनीला टेकायच्या आतच त्याचा हात मांडीमागे गेला. कुसुमने ते नेमकं पाहिलं. कुणी धक्का दिला नव्हता, कुणी जवळही नव्हतं.

"शीर चढली, शीर!" कप्तान शफी धावत आला. त्याने ज्योतीरामचा पाय सरळ ताणला, पंजा मागे दाबला आणि मांडी कणीक तिंबावी तशी तिंबली. ज्योतीराम ओठ चावून पडून राहिला.

"सोड की रं," तो एवढंच म्हणाला.

"अरे भावा, शीर अशीच उतरते!"

शीर उतरली नाही. शफीच्या आईने, रोशनबीने, मायेनं गरम विटेचा शेक दिला, वर तेल जिरवलं. मग निळा-काळा डाग मांडीवरून सरकत गुडघ्याच्या लवणीपर्यंत आला. कुसुम घाबरली आणि नवऱ्याला टांग्यात घालून देहूरोडला लष्करातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी त्याला पालथं झोपवलं, दाबून पाहिलं, टाच हातात धरून "आता गुडघा वाकवा" म्हणाले. ज्योतीराम कळवळला.

"शीर नाही, स्नायू फाटलाय. चोळलंत कशाला? शेकलंत कशाला? आतला रक्तस्राव वाढवलात. तेच रक्त उतरलंय खाली." मग कुसुमकडे वळून म्हणाले, "उतारावर बैल गाडी अंगावर घेऊन थोपवतात, पाहिलंय ना? धावताना पाय पुढे फेकला की त्याला थोपवायचं काम ह्या स्नायूचं. सकाळी पळून दमलेला बैल दुपारी गाडी कशी थोपवणार?"

"कधी खेळतील?"

"तारीख विचारू नका. पायऱ्या विचारा."

त्या पायऱ्या कुसुमने पाठच केल्या. आधी विसावा, पट्टी, ओल्या फडक्याची घडी. मग न लंगडता चालणं. मग पालथं पडून टाच उचलणं, आणि ती कुणीतरी हाताने अडवायची. मग हळू पळणं, मग वेग वाढवत वाढवत पूर्ण वेग. शेवटी एकदम सुटणं, एकदम थांबणं, वळणं, लांब लाथ मारणं. आणि हे सगळं संघाबरोबर सरावात झाल्याशिवाय सामना नाही. "दुखायचं लवकर थांबेल," डॉक्टर म्हणाले होते, "फसू नका. एकदा फाटलेला पुन्हा फाटतो, आणि पहिल्यापेक्षा वाईट."

रोज सकाळी ती तळहाताने त्याची टाच अडवी. "दाबा."

"मास्तरीणबाई, पोरगी बघतीय."

"बघू दे. दाबा."

उजवी टाच तिचा हात सहज मागे ढकली. डावी थरथरे आणि विरघळल्यासारखी खाली येई. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती बजावी, "शीर नव्हे हो, स्नायू." शफी हसे. "वहिनी, तुमच्या कॉलेजात मांड्या शिकवत होते काय?" पण ज्योतीरामच्या मांडीला तो आता हातही लावत नसे.

ज्योतीराम चालू लागला, पवनेच्या काठाने हळू पळू लागला. दुखेनासं झालं. पूर्ण वेगाने मात्र तो अजून एकदाही पळाला नव्हता. डावी टाच अजून विरघळत होती.

नेमके तेव्हा उद्धवराव शफीला घेऊन पडवीत आले. ढालीचा सामना तोंडावर होता, समोर लष्कराचा संघ. कायम करायच्या माणसांची नावं सामन्यानंतर वर जायची होती.

"मी पळतोय साहेब. काही दुखत न्हाई," ज्योतीराम म्हणाला.

"तू म्हणणारच रे. स्नायूबियू फाटला असेल तर डॉक्टरच्या सहीशिवाय मी मैदानात सोडणार नाही. उद्या माझ्यावर यायचं. नुसती शीर असेल, तर प्रश्न नाही." उद्धवराव कुसुमकडे वळले. "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. काय होतं नक्की?"

गोठ्यातून ओल्या शेणाचा वास येत होता. बेबी कुसुमच्या खांद्यावर खोकत होती. शफीने मान खाली घातली. त्याने ते उत्तर तिच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. ज्योतीराम तिच्याकडे बघतच नव्हता, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. पायाखालच्या जमिनीवर त्याने बोटाने एक रेघ ओढली, पुसली.

"शीरच होती," कुसुम म्हणाली. "चढली होती. उतरली."

देहूरोडच्या मैदानावर पहिला अर्धा डाव तो शहाण्यासारखा खेळला. चेंडू पायाशी ठेवून, धाव राखून. कुसुमचा जीव भांड्यात पडायला लागला होता. मग कुणीतरी बगलेवरून मोकळा, लांब चेंडू टाकला आणि ज्योतीराम सगळं विसरला. तो इतका सुंदर पळाला की शेजारच्या बायका उभ्या राहिल्या. पाय पुढे फेकला गेला, आणि ह्या खेपेला त्याचा आवाज मैदानाच्या कडेपर्यंत आला.

शफी पोचला. गुडघ्यावर बसला. हात पुढे झाले, आणि हवेतच थांबले. "कुणी हात लावू नका," तो ओरडला. "पाणी आणा, गार पाणी!" त्याने बायकांच्या रांगेकडे पाहिलं. कुसुमने पदर तोंडावर घेतला.

यादीत नाव आलं नाही. पुढे हंगामी कामही गेलं. उद्धवराव एवढंच म्हणाले, "ताई, मी विचारलं होतं तुम्हाला." रागावले नव्हते, त्यांनी रागवायला हवं होतं. ज्योतीरामने तर एका शब्दानेही तिला टोचलं नाही. पालथा पडून तो आपणच म्हणे, "धर टाच." ती धरी.

ज्योतीराम मोशीला वीटभट्टीवर हिशेबनीस म्हणून चिकटला. ह्या खेपेला घाई करायला कारण उरलं नव्हतं, म्हणून सगळ्या पायऱ्या रीतसर झाल्या. डावी टाच उजवीसारखी तिचा हात ढकलू लागली. बेबीचा खोकला उन्हाळ्यानेच कमी केला.

एका संध्याकाळी कापणी झालेल्या रानात तो पूर्ण वेगाने पळाला. थांबला, वळला, पुन्हा सुटला. कुसुम बांधावर बसून पावलं बघत होती, डावं आणि उजवं, आणि तिला कुठलं कोणतं ते ओळखू येईना. तो धापा टाकत आला.

"काही वाटलं?" तिने विचारलं.

"काही न्हाई. एकदम बरा हाय."

शफीच्या संघात डाव्या बगलेवर आता तळेगावचा एक मुलगा खेळत होता. दोघांनाही ते माहीत होतं. ज्योतीराम तिच्याशेजारी बसला, मांडीमागे हात फिरवला आणि उगाच हसला.

"चला," कुसुम म्हणाली, "पोरीला भूक लागली असेल."

तो उठला नाही. तीही मग बसूनच राहिली.