एका लॉटची खुर्ची

भाव खाली आला, टेकला आणि पुन्हा वर वळला. नागसेनला जे हवं होतं ते अगदी तसंच घडत होतं.

त्याचं बोट कीबोर्डवर होतं. खरेदीची ऑर्डर भरलेली होती, चार लॉट, भाव तीन हजार चाळीस. फक्त एक कळ दाबायची होती. त्याने ती दाबली नाही. "अजून एक कॅण्डल पाहू," असं तो स्वतःशीच म्हणाला. ती कॅण्डल, म्हणजे आलेखावरची भावाची पुढची उभी पट्टी, वर गेली, मग दुसरीही गेली. दुपारपर्यंत ढेपीचा भाव एकतीसशेच्या पुढे होता आणि नागसेन रिकाम्या हाताने पडद्याकडे पाहत बसला होता.

"काहून दादा, डोळा लागला होता का?" शेजारच्या खुर्चीवरून दामिनी म्हणाली. ती हळदीचे सौदे करायची. "इतका सुंदर सौदा! हळदीत असा दिसता तर मी जेवणाचा डबा सोडून धावली असती."

"पाहून राहिलो होतो," नागसेन म्हणाला.

"पाहायचे पैसे भेटत नाहीत आपल्याले."

अकोल्याची ही पेढी. पूर्वी यांची कापसाची जिनिंग होती, सरकी आणि ढेप विकायचे. आता मालक कमलाकांतभाऊ आपल्याच पैशाने वायदेबाजारात सौदे करतात आणि त्यासाठी चार-पाच जणांना खुर्च्या दिल्या आहेत. नागसेनच्या वाट्याला सरकी ढेप आलेली. गायीम्हशींना घालतात तीच ढेप. तिचा वायदा दहा टनांच्या लॉटमध्ये होतो, भाव क्विंटलचा. भाव एक रुपया हलला की एका लॉटमागे शंभर रुपये हलले.

नागसेनची पद्धत साधी होती. भाव बरेच दिवस एका पट्ट्यात अडकतो, मग पट्टा फोडून वर निघतो. तेव्हा मागे धावायचं नाही. तो परत खाली येऊन त्याच जुन्या पातळीवर टेकतो का ते पाहायचं. टेकला आणि वळला, की घ्यायचं. तळाच्या जरा खाली स्टॉप लावायचा. भाव तिथे गेला तर आपला अंदाज चुकला, सौदा आपोआप कापला जातो, लहान नुकसान होतं आणि गोष्ट तिथेच संपते. जमला तर नुकसानीच्या दुप्पट मिळतं. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा चुकलं तरी माणूस बुडत नाही. हे सगळं नागसेन नव्या पोरांना शिकवू शकला असता, इतकं त्याला पाठ होतं.

पण मागच्या आठवड्यात त्याचे ओळीने तीन स्टॉप लागले. तिन्ही सौदे नियमाने घेतलेले. तिसरा जास्त झोंबला, कारण भाव नेमका स्टॉपला स्पर्श करून मागे फिरला आणि मग हवा तिथपर्यंत चढला. जणू कोणी दारात येऊन, याला बाहेर काढून, घर बंद करून घेतलं. त्या दिवसापासून नागसेनचं बोट कळेवर जड झालं.

आणि मग त्याने अशी एक गोष्ट सुरू केली, जी अकोल्यातच होऊ शकते. मुंबईतला सौदेबाज ढेप कधी हातात धरत नाही. नागसेनला मात्र ती दहा मिनिटांवर भेटायची. तो सकाळी बाजार उघडायच्या आधी ढेपीच्या दुकानांकडे फेरी मारू लागला. तिथे श्रावण नावाचा एक जुना ओळखीचा दुकानदार होता.

"कशी हाय आवक, श्रावणभाऊ?"

"सरकी भरपूर येऊन राहिली. भाव पडतेच, लिहून घ्या," श्रावण पोत्यावर थाप मारत म्हणाला.

पुढच्या दुकानात उलटं ऐकू आलं. "कायची आवक? कास्तकारानं कापूस धरून ठेवला. ढेप भेटून नाई राहिली बापा."

तिसऱ्या दुकानात चहा मिळाला आणि तिसरं मत मिळालं. नागसेन ही तिन्ही मतं डोक्यात घेऊन खुर्चीवर बसायचा. पडद्यावर सौदा दिसला, की त्यातलं कुठलंतरी एक मत कानात बोलायचं, आणि बोट थांबायचं. तो याला अभ्यास म्हणत होता. मनात कुठेतरी त्यालाही ठाऊक होतं, की त्याला माहिती नको होती, खात्री हवी होती. आणि खात्री त्या बाजारात कुणाच्याच दुकानात मिळत नव्हती.

दुसरा सौदाही असाच सुटला. तोही चालला. तेव्हा मात्र नागसेनला राहवलं नाही. भाव साठ रुपये वर निघून गेल्यावर त्याने धावत्या गाडीला लटकावं तशी खरेदी केली. नियमाप्रमाणे स्टॉप जुन्या तळाखाली लावायचा, तर नुकसान फारच मोठं दिसत होतं. म्हणून त्याने तो उगाच जवळ लावला. भाव श्वास घ्यायला म्हणून जरा खाली आला, स्टॉप घेऊन गेला.

संध्याकाळी कमलाकांतभाऊंनी त्याला आत बोलावलं. गोरे, सडपातळ, सत्तरीकडे झुकलेले. आवाज कधी चढवत नसत, म्हणून माणसं जास्त घाबरत.

"बस. पहिल्या तीन स्टॉपबद्दल मी काही बोललो तुले?"

"नाही भाऊ."

"बोलणारही नाही. ते धंद्याचे होते. पण मधात दोन सौदे तुझ्या पडद्यावर आले आणि तू घेतले नाहीत. आणि आज घेतला तो तुझा सौदाच नव्हता. तो राग होता."

नागसेनने मान हलवली.

"अमरावतीचा गौरांग येऊन राहिला सोमवारी. त्याले ढेप पाहिजे. पोरगा हुशार हाय." भाऊंनी समोरची वही मिटली. "नुकसान करणारा माणूस मले चालते. सौदा आला की डोळे झाकणारा नाही चालत. तुझी खुर्ची ठेवायची का त्याले द्यायची, ते तूच मले दाखव."

शनिवारी नागसेन अमरावतीला घरी आला. त्याची बायको भावना तिथे एका लॅबमध्ये तंत्रज्ञ होती, म्हणून त्यांचं घर अजून अमरावतीतच होतं. जेवताना त्याने पोळीचा एकच तुकडा चारदा भाजीत बुडवला.

"भाजी बिघडली का माणूस बिघडला?" भावनाने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. खुर्चीचं, गौरांगचं, जड झालेल्या बोटाचं.

"एक स्टॉप लागला की किती जाते?"

"चार लॉटवर? सोळा हजार."

"आणि कळ दाबताना तुमाले काय दिसते? ढेप दिसते का सोळा हजार?"

नागसेनने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "सोळा हजार."

"मग कमी घ्या नं. किती गेले तर तुमचं जेवण जात नाही?"

"पेढीत सगळ्यात जुना मीच हाय भावना. एक लॉट घेऊन बसलो तर लोक हसतील."

"आता काय रडून राहिले का ते तुमच्यासाठी?" ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.

पेढीत एक रिवाज होता. दर सोमवारी बाजार उघडण्यापूर्वी भाऊ सगळ्यांसमोर विचारत, कुणाला किती लॉटची मर्यादा हवी. ज्याला वाढवून हवी त्याने उभं राहून मागायची. मग ती आठवडाभरासाठी कॉम्प्युटरवर बांधली जायची, त्यापेक्षा जास्त ऑर्डर जातच नसे. आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे तो आकडा दिसायचा. आजवर माणसं उभी राहिली होती ती वाढवून मागायलाच.

त्या सोमवारी गौरांग आला होता. तरतरीत, पांढरा शर्ट, भिंतीजवळच्या जास्तीच्या खुर्चीवर बसलेला. भाऊंनी नेहमीसारखं विचारलं, "बोला, कोणाले काय पाहिजे?"

नागसेन उभा राहिला. त्याचे कान गरम झाले होते.

"भाऊ, माझी मर्यादा कमी करा. एक लॉट."

कोणीतरी फिसकन हसलं. दामिनी हळूच म्हणाली, "दादा, तब्येत बरी हाय नं?"

भाऊ हसले नाहीत. "कशापायी?"

"चार लॉटवर माझं बोट उठत नाही. एकावर उठेल. नियमात बसणारा एकही सौदा सोडणार नाही. सोडला तर ढेप गौरांगले द्या."

भाऊंनी आकडा बदलायला सांगितलं. भिंतीवर नागसेनच्या नावापुढे एक दिसू लागला. नवख्या माणसालाही तिथे दोन मिळत असत.

त्या आठवड्यात तो ढेपीच्या दुकानांकडे गेला नाही. पहिला सौदा मंगळवारी आला. त्याने कळ दाबली. बुधवारी स्टॉप लागला.

नागसेनला वाटलं, आता मागच्यासारखंच झोंबणार. झोंबलं, पण कमी. चार हजार गेले होते. वाईट वाटलं, पण डबा उघडून त्याने चवीने जेवण केलं. गौरांगची नजर आपल्यावर आहे हे त्याला जाणवत होतं.

शुक्रवारी भाव पुन्हा जुन्या पातळीवर टेकला. तेवढ्यात फोन वाजला. श्रावण.

"नागसेनभाऊ, फिरकले नाही तुमी! ऐका, मोठी आवक हाय आज. ढेप पडते, पक्कं सांगतो."

नागसेनचं बोट हवेतच राहिलं. समोर कॅण्डल वळत होती. फोनमध्ये श्रावण पोत्यांचे आकडे सांगत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता.

"श्रावणभाऊ, मग बोलतो," म्हणत त्याने फोन उलटा ठेवला. चुकलो तर चार हजार, त्याने मनाशी म्हटलं, आणि कळ दाबली. लगेच स्टॉपची ऑर्डर टाकली आणि हात मांडीवर ठेवले.

दिवसभर भाव वरखाली झाला. एकदा तर स्टॉपपासून पाच रुपयांवर आला. दोनदा त्याला वाटलं, थोडक्या फायद्यात कापून मोकळं व्हावं. त्याने कापलं नाही. शनिवार-रविवार तो सौदा उराशी घेऊनच घरी गेला. सोमवारी बाजार उघडल्यावर तासाभरात भाव त्याच्या ठरलेल्या लक्ष्यापर्यंत पोहोचला. आठ हजार. बुधवारचं नुकसान भरून निघालं, वर तेवढेच राहिले.

"चार लॉट असते तर बत्तीस झाले असते दादा," दामिनी म्हणाली.

"चार असते तर घेतलाच नसता," तो म्हणाला.

पुढचे आठवडे काही सोन्याचे नव्हते. एकदा ओळीने दोन स्टॉप लागले, आणि त्या रात्री भावनाच्या फोनवर तो फार कमी बोलला. दुसऱ्या दिवशीचा सौदा त्याने घेतला. तो ना नफा ना तोटा असा मिटला. पण नियमातला एकही सौदा हातचा गेला नाही, हे भाऊंच्या नोंदींमध्ये दिसत होतं. गौरांगला त्यांनी एरंडीचे सौदे दिले.

मग एका सोमवारी भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "नागसेन, तुझे चार परत करायचे का?"

सगळी खोली त्याच्याकडे वळली. नागसेनने क्षणभर आपल्या बोटांकडे पाहिलं.

"दोन करा भाऊ."

"दोनच?"

"दोनवर किती भीती वाटते ते पाहतो आधी."

भिंतीवरचा एक जाऊन दोन झाला. बाजार उघडला. दुपारी ढेपीचा भाव खाली येऊन टेकला आणि वळू लागला. चुकलो तर आठ हजार, असं नागसेनच्या मनात आलं. त्याने ऑर्डर भरली, आकडा एकदा तपासला आणि कळ दाबली.