बर्टलचं "आयरी"

"वा ग्वान, बर्टल?" लेनवर्थनं सरकारी दवाखान्यातल्या खाटेपाशी येऊन विचारलं.

"आयरी," बर्टल म्हणाला आणि सगळे दात दाखवून हसला.

त्यानं शिवी दिली असती तर लेनवर्थला बरं वाटलं असतं. चार दिवसांपूर्वी बर्टलचा डावा पाय गुडघ्याखाली कापला होता, आणि हा म्हणतो आयरी, झकास!

"आयरी" गाण्यात ऐकायला गोड. रास्ताफारी पंथाची मंडळी म्हणतात ते मनापासून म्हणतात, त्यांचं सोडा. पण ओचो रिओसच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत तो शब्द परदेशी पाहुण्यांसाठी असतो. अठरा वर्षं लेनवर्थ गायचा, बर्टल ड्रम वाजवायचा. रोज संध्याकाळी लेनवर्थ माइकवर ओरडायचा, "वा ग्वान?" म्हणजे काय चाललंय, आणि उन्हानं लाल झालेले पाहुणे एका सुरात ओरडायचे, "आयरी!" मागं बर्टल पुटपुटायचा, "यांचं काय जातंय." आपसात दोघं तो शब्द कधी तोंडातही आणत नसत. आपसात "वा ग्वान"ला उत्तर एकच, "मी डे या." त्यातला मी आपलाच मी, मी आहे इथं, म्हणजे चाललंय, ढकलतोय. म्हणजे आज बर्टलनं त्याला पाहुण्यांच्या रांगेत नेऊन बसवलं होतं.

आणि का बसवू नये? चूक कुणाची होती?

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. साखरेच्या दुखण्यानं बर्टलनं ड्रम कधीच सोडला होता. त्या सकाळी तो फाटकाला धरून उभा होता, पायाला फडकं गुंडाळलेलं. लेनवर्थनं गाडी नुसती हळू केली, काच खाली घेतली. "वा ग्वान, भावा?"

"नट्न ना ग्वान," बर्टल म्हणाला.

शब्दशः अर्थ, काही चाललेलं नाही. हसत पटकन म्हटलं तर खरंच काही विशेष नाही. पण ओढून, खाली बघत म्हटलं तर हातपाय गळालेत, घरात काही धड नाही, जरा थांब. कुणाला शिकवावं लागत नाही, आईच्या दुधाबरोबर कळतं. बर्टलनं ओढून म्हटलं होतं. फडक्याचा वासही आला होता. दवाखान्यापर्यंत गाडी हवी होती त्याला, बाकी काही नाही.

आणि लेनवर्थ, हा शहाणा, हॉटेलात तालीम होती म्हणून हसला. ते हसत म्हटलंय असं त्यानं ठरवून टाकलं. "सून कम," म्हणाला आणि निघाला. सून कम म्हणजे आपलं "आलोच". म्हणणारा तासानं येईल, दिवसानं येईल, न आला तरी कुणी जाब विचारत नाही. बर्टल मात्र त्या आलोचवर विसंबून फाटकाशी बसून राहिला. संध्याकाळी बर्टलच्या शेजारणीनं तो अजून फाटकाशीच आहे असं सांगितलं तेव्हा लेनवर्थ म्हणाला, उद्या जाऊ. उद्याचे आठ दिवस झाले. शेवटी बर्टल तापानं फणफणला, तेव्हा त्याच शेजारणीनं टॅक्सी बोलावली.

लेनवर्थनं स्टूल ओढलं, मक्याची पेज वाटीत ओतली. बर्टल खिडकीकडं बघत होता.

"हॉटेल कसं चाललंय?" बर्टलनं विचारलं. "नवा पोरगा ताल धरतो का?"

"बर्टल, असं बोलू नकोस माझ्याशी."

"कसं? गोडच बोलतोय की. पाहुण्यांशी असंच बोलायचं असतं."

लेनवर्थची मान खाली गेली. "मला वाटलं, तू सहज म्हणालास…" त्यानं सुरुवात केली, आणि त्याला स्वतःचीच किळस आली. "नाही. खोटं बोलतोय मी. मला कळलं होतं. शब्द निघाल्याबरोबर कळलं होतं."

"माहितीये मला," बर्टल म्हणाला. "एखाद्या पाहुण्याला नसतं कळलं, तर मी त्याला माफ केलं असतं, लेका. तुला कळलं आणि तू काच वर घेतलीस."

पेज थंड होत गेली, साय धरली. नर्स येऊन खाटेला लावलेला तक्ता वाचून गेली. लेनवर्थ हलला नाही. तालमीची वेळ झाली होती, फोन खिशात दोनदा थरथरला, त्यानं तो बंद करून टाकला. मग त्यानं पुन्हा विचारलं, या वेळी हळू, खाली वाकून, "वा ग्वान, बर्टल?"

बर्टलनं डोळे मिटले. ओठ घट्ट दाबून धरले होते, ते सुटले.

"दुखतोय रे," तो म्हणाला. "जो पाय नाही ना, तोच दुखतोय."