फवारणीवाल्याचं नवं नाव

मालेगावहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून गजेंद्रचं दोन एकरांचं भाजीचं रान होतं. वांगी, टोमॅटो, मिरची. पण त्याला लोक ओळखत ते भाजीमुळे नाही. तीन वर्षांपूर्वी त्याने मोबाईलवर ‘गजूभाऊ फवारणीवाले’ हे यूट्यूब चॅनल काढलं होतं आणि आता त्र्याऐंशी हजार लोक त्याच्या मागे होते. कोणत्या अळीवर काय मारायचं, पंपात किती टाकायचं, हे तो पाठीवर पंप घेऊन दाखवत असे. चित्रण आणि कापाकापी बायको तनुजा करायची.

गंमत अशी, की गेल्या वर्षापासून गजेंद्र स्वतःच्या रानात फार कमी फवारत होता. तनुजाने पिवळे चिकट सापळे लावले, रोपांवर जाळी घातली, आणि आठवड्याची फवारणी महिन्यावर आली. भाजी काही वाईट आली नाही. पण चॅनलवर सापळ्यांचा व्हिडिओ टाकला की आठशे लोक बघायचे, फवारणीचा टाकला की वीस हजार. म्हणून तो औषध न मारलेल्या रानात, कॅमेऱ्यासाठी, पंपात नुसतं पाणी भरून मारू लागला होता.

“नाव बदला आता,” तनुजा दोन महिन्यांपासून म्हणत होती. “आपन जे करतो तेच दाखवू.”

“बदलू ना. कापसाचा हंगाम जाऊ दे.” तो तेवढंच म्हणायचा. हंगामात लोक फवारणीच शोधतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी, साडेदहाच्या सुमारास, बांधावर मोटारसायकल थांबली. चालवणारा जवान पोरगा गाडीवरच बसून राहिला. मागची बाई उतरली आणि मिरचीतून सरळ वाट काढत आली. पायात चप्पल नव्हती. हातात मोबाईल होता.

“तुमीच गजूभाऊ ना?” तिने विचारलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे आणि मोबाईलकडे आळीपाळीने बघितलं. खात्री पटल्यावर म्हणाली, “मी किन्हीराजाकडच्या तांड्यावरची मोतीबाई. माया नवऱ्याले काल वाशीमच्या दवाखान्यात भरती केलं. फवारणी करता करता पडला तो. तोंडातून फेस, घामानं चिंब. हा पोरगा माया भाऊ धनराज. सकाळपासून तुमाले फोन लावून राह्यला.”

गजेंद्रने खिशातला फोन काढला. अनोळखी नंबरावरून अकरा फोन येऊन गेले होते. दिवसाला तीस-चाळीस येत, म्हणून तो आता अनोळखी नंबर उचलतच नसे.

“मी भांडाले नाई आली, दादा,” मोतीबाई म्हणाली. “डॉक्टर औषधाचं नाव इचारून राह्यले. वावरवाल्यानं बाटल्या जाळून टाकल्या, आन् फोन बंद करून बसला. आमच्याजोळ हेच हाय. हे पाहूनच कालवलं त्यानं.”

तिने मोबाईल पुढे केला. पडद्यावर गजेंद्रच होता, तीन वर्षांपूर्वीचा, सडसडीत, हसरा. बनियन आणि लुंगी. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. “एक झाकन निळ्या बाटलीचं, दोन झाकनं पांढऱ्या बाटलीचे,” तो सांगत होता, “आन् मंग असं ढवळा.” आणि त्याने बादलीत कोपरापर्यंत हात घातला. दोन्ही बाटल्यांवर चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठ्या त्याने मुद्दाम आपल्याकडे वळवल्या होत्या. “नाव पाह्यजे असन तर व्हॉट्सअ‍ॅप करा,” असं शेवटी होतं. तेव्हा वाटलं होतं, नाव लपवलं की लोक संदेश पाठवतात, ओळख वाढते. तशी ती वाढलीही होती. तो त्याचा सगळ्यात चाललेला व्हिडिओ होता. सहा लाख चाळीस हजार लोकांनी बघितलेला.

गजेंद्र वाफ्याच्या कडेला खाली बसला.

तनुजा धावत आली. तिने मोबाईल बघितला, नवऱ्याकडे बघितलं, आणि त्याचा खांदा गदागदा हलवला. “नाव सांगा! बसले काय? नाव सांगा त्याइले!”

धनराजने बांधावरून येऊन दवाखान्यात डॉक्टरांना फोन लावला आणि गजेंद्रच्या हातात दिला. गजेंद्रने दोन्ही औषधांची नावं सांगितली. ब्रँडचं नव्हे, चिठ्ठीवर बारीक अक्षरात असतं ते आतल्या घटकाचं. निळ्यातलं प्रोफेनोफॉस. पांढऱ्यातलंही सांगितलं. डॉक्टरांनी प्रमाण विचारलं. ते त्याने सांगितलं.

“हे एवढं दाट कोणी सांगितलं त्याला?” डॉक्टर म्हणाले.

“मी,” गजेंद्र म्हणाला.

मोतीबाई मागे फिरली तेव्हा तनुजाने आपली चप्पल काढून तिच्या पुढे ठेवली. मोतीबाईने ती घातली आणि गाडीवर बसली. गजेंद्र अजून वाफ्यातच होता. त्याला एकच गोष्ट कळत नव्हती. तीन वर्षांत हा व्हिडिओ त्याने शंभरदा बघितला होता, आकडे वाढताना बघायला. बादलीतला हात त्याला एकदाही दिसला नव्हता.

रूपला, मोतीबाईचा नवरा, वाचला. चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले, बाराव्या दिवशी घरी गेला. हातांची थरथर मात्र गेली नव्हती. गजेंद्र त्याला दवाखान्यात तीनदा भेटला.

घरी त्याने वडिलांसमोर, रंगरावांसमोर, सांगून टाकलं, “चॅनल बंद करतो. सगळं पुसून टाकतो.”

रंगराव शेंगा निवडत होते. “पुस बापा,” ते म्हणाले. “भाजी पिकवनाऱ्याच्या घरी आपन जहर इकतो असं झालं हे.”

तनुजा मात्र ऐकेना. “पुसल्यानं काय होते?”

“लोक पाह्यनार नाई.”

“ज्याइनं पाह्यलं ते?” ती म्हणाली. “सहा लाख लोकाइच्या डोक्यात तुमचा हात बादलीत हाय. तो कसा पुसता?”

“मंग नवं चॅनल काढू. नव्या नावानं, सुरुवातीपासून.”

“नव्या चॅनलवर कोन येईन? सापळे पाह्यनारे. त्याइले तर गरजच नाई. ज्याइले सांगा लागते ते जुन्याच चॅनलवर हाय. त्याइलेच सांगा लागते, त्याच तोंडानं.”

दोन महिने तनुजा नाव बदलायचं म्हणत होती आणि तो आकड्यांवरून टाळत होता. हे बोलणं वेगळं होतं. चॅनल पुसायचं त्याने सोडून दिलं.

तरीही त्याने लोकांना विचारायचं ठरवलं. चॅनलवर मतदान टाकलं: यापुढे काय बघाल, फवारणी, की कमी फवारणीची भाजी आणि फवारणाऱ्याची काळजी? दोन दिवसांत एकोणतीसशे मतं पडली. अडुसष्ट टक्के लोकांनी फवारणीच म्हटलं. खाली एकाने लिहिलं होतं, ‘भाऊ, ज्ञान नको, डोस सांग.’

तनुजाने मोबाईल उलटा ठेवला. “इचारलं, झालं. आता इचारू नका.”

नाव बदलणं पाच मिनिटांचं काम होतं. ते कसं बदलायचं यात आठवडा गेला. एकदम बदललं तर लोकांना मोबाईलवर अनोळखी नाव दिसणार, हे कोण म्हणून ते चॅनल सोडणार, आणि सांगायचं होतं ते ऐकायच्या आतच जाणार. म्हणून आधी जुन्याच नावाखाली शेवटचा व्हिडिओ करायचा, चेहऱ्याचा फोटो तोच ठेवायचा, आणि नवं नाव लावल्यावर काही महिने त्यापुढे ‘पूर्वीचे फवारणीवाले’ असं लिहायचं, असं ठरलं. नाव तनुजाने सुचवलं: ‘फवारणीआधी’. म्हणजे आधी सापळा, आधी जाळी. आणि मारायचंच असेल तर आधी चिठ्ठी, आधी मोजे.

जुन्या व्हिडिओंचा प्रश्न अवघड होता. दोनशे बारा होते. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरा बसवता येत नाही. थोडं कापता येतं, शीर्षक बदलता येतं, खाली सूचना लिहिता येते, नाहीतर लपवता येतो. दोघांनी सगळे एकेक करून बघितले. एकतीसमध्ये उघडा हात होता. ते लपवले. बाकीच्यांखाली दुरुस्ती लिहून ती टिप्पण्यांत सगळ्यात वर अडकवली. बादलीचा व्हिडिओ लपवताना गजेंद्रचं बोट थांबलं. पैशासाठी नव्हे. ते चॅनल त्याच व्हिडिओनं उभं राहिलं होतं आणि त्याला ओळख त्यानंच दिली होती. मग त्याने बोट टेकवलं.

शेवटच्या व्हिडिओत रूपलाने चार शब्द बोलावे असं त्याला वाटत होतं. तो तांड्यावर गेला आणि विचारलं.

रूपलाने मान हलवली. “नाई, दादा. माया तोंड दाखवू नका. याचा हात थरथरते असं समजलं तं कोनी कामाले नेत नाई. पुढच्या महिन्यात ऊसतोडीले जाचं हाय.”

गजेंद्रला ते सुचलंच नव्हतं. आपली चूक सांगताना तो दुसऱ्याचा चेहरा पुढे करायला निघाला होता. तो ओशाळून परतला आणि दुसऱ्या दिवशी तनुजाच्या कॅमेऱ्यासमोर एकटाच उभा राहिला, पूर्ण बाह्यांचा सदरा, मोजे, तोंडाला फडकं बांधून. मग फडकं खाली ओढलं, कारण ओळख पटायला हवी होती.

“मी गजूभाऊ फवारणीवाले,” तो म्हणाला. “तीन वर्सं मी तुमाले जे दाखवलं, त्यानं एक मानूस मरता मरता वाचला. तो कोन, हे मी सांगनार नाई. चूक कोनाची, ते सांगतो.”

सात मिनिटांचा व्हिडिओ झाला. तनुजाने त्यातलं काहीच कापलं नाही.

नवं नाव लागल्यावर पहिल्या पंधरवड्यात साडेनऊ हजार लोक चॅनल सोडून गेले. औषध दुकानदारांपैकी एकाने बाजारात त्याच्याशी बोलणं बंद केलं. पुढचा सापळ्यांचा व्हिडिओ हजाराच्या पुढे सरकला नाही. आणि मग एके दुपारी तनुजाने त्याला मोबाईल दाखवला: दुसऱ्याच कुणाच्या चॅनलवर, दुसऱ्याच नावाने, तीच बादली, तोच हात. कुणीतरी उतरवून घेतलेला व्हिडिओ पुन्हा टाकला होता. नव्वद हजार लोकांनी बघितला होता. तक्रार करता येते, आपलं चित्रण आहे म्हणून. गजेंद्रने केली. चार दिवसांनी तो व्हिडिओ निघाला. आठवड्याने दुसरीकडे आला. त्याने पुन्हा केली. आता दर सोमवारी तो स्वतःलाच शोधतो.

अनोळखी नंबर मात्र तो उचलतो. जानेवारीत कामरगावहून एका बाईचा फोन आला. नाव ज्योत्स्ना, टोमॅटोचं रान, नवरा बाहेरगावी. दुकानदाराने औषध दिलं होतं, आणि तिने चिठ्ठी वाचून दाखवायला सुरुवात केली.

“दादा, चिठ्ठीवरचा तिकोन लाल हाय. तुमच्या व्हिडिओत लाल सगळ्यात जहाल सांगतला. आता काय करू?”

“हात कोठी हाय तुमचा, ताई?”

“झाकनावर.”

“आधी झाकन लावा,” गजेंद्र म्हणाला. “मंग बोलू.”