चार सेंटिमीटरची चोरी

काकूंना संशय घ्यायला कारण लागत नसे. दूधवाला हसला तरी त्या दूध हुंगून पाहत. त्यामुळे आहारतज्ज्ञ बाई वॉर्डात आली आणि काकांच्या उंचीसाठी त्यांचा हात मोजू लागली, तेव्हा काकूंच्या भुवया पार डोक्यावरच्या पदरापर्यंत चढल्या.

काकांचा कणा असा वळला होता की त्यांना पलंगावर टेकवायला चार उशा लागत. उभं राहणं तर कधीचंच सुटलेलं. बाईने त्यांचा डावा हात छातीवर आडवा ठेवला, बोटं उजव्या खांद्याकडे. मग कोपराच्या टोकापासून मनगटाच्या वर आलेल्या हाडापर्यंत टेप धरली आणि हाडाच्या लांबीवरून उंची सांगणारा तक्ता पाहिला.

"साडेसत्तावीस. वय तुम्ही सांगितलंत सदुसष्ट. म्हणजे उंची एकशे त्र्याहत्तर."

"काल नर्सने पलंगावर मोजले तेव्हा दीडशे भरले," काकू म्हणाल्या. "रात्रीत वाढले वाटतं?"

"वाकलेल्या पाठीवर टेप धरली की उंची कमी भरते, काकू. दीडशे धरले तर शेहेचाळीस किलो वजन ठीक वाटतं. त्र्याहत्तरला ते फार कमी आहे. दोन घासांत त्यांना धाप लागते. नाकातून नळी घालून हळूहळू अन्न द्यायला हवं. तुम्ही हो म्हणा."

काकांनी डोळ्यांनीच सांगितलं, हिला विचारा.

नाकात नळी, तीही एका हाडाच्या सांगण्यावरून! काकूंनी बाही वर केली. "माझं मोजा. मी दारातल्या वजनकाट्याशेजारच्या उंचीच्या पट्टीला उभी राहून आलेय, एकशे अठ्ठावन्न."

बाईने मोजलं. "चोवीस. वय?"

"त्रेसष्ट."

बाईने तक्त्यावर बोट सरकवलं. "एकशे बासष्ट."

"चार सेंटिमीटर हवेतून आणलेत," काकू विजयाने म्हणाल्या. "यांनाही असंच ताणलं असणार. नळी नको."

बाईचा चेहरा पडला. "थोडाफार फरक पडतोच, काकू..." पण तिचं तिलाच ते पटत नव्हतं.

उशांच्या ढिगातून काका खोकले. "त्रेसष्ट?" एक श्वास. "थोरल्या नातीच्या बारशालाही ही त्रेसष्टचीच होती."

"तुम्ही गप्प पडा."

"थोरली आता तिसरीत आहे."

बाई तक्त्याकडे बघत राहिली. "यात पासष्टच्या आतल्यांचा रकाना वेगळा असतो, काकू. पासष्टपासून पुढच्यांचा वेगळा."

शेजारच्या पलंगावरचे आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. त्याचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं. काकूंनी काकांकडे पाहिलं. गळपट्टीच्या हाडांमागे वाटीएवढे खड्डे, आणि ताटलीत तसाच राहिलेला भात. मग त्या आहारतज्ज्ञ बाईच्या कानाशी वाकल्या.

"एकाहत्तर."

बोट शेजारच्या रकान्यात गेलं. "एकशे अठ्ठावन्न."

आता संशयाने पाहायची पाळी बाईची होती. "तुमचे त्रेसष्ट, म्हणून काकांचे सदुसष्ट सांगितलेत. म्हणजे खरे..."

"पंचाहत्तर. मग आता?"

"रकाना तोच. उंचीही तीच."

काकू खुर्चीत बसल्या. "घाला नळी," त्या हळूच म्हणाल्या. मग शेजारच्या पलंगाकडे वळून, "पान उलटा आता. इथली बातमी संपली."