वक्ता तीनचा आक्षेप

दुपारी तीनलाच संघमित्राचं डोकं भंजाळलं होतं, आणि मेल सहाच्या आत जायचा होता.

काम सांगायला सोपं. कालची मीटिंग ऐकायची आणि तीन रकाने भरायचे: त्यांनी काय विचारलं, कशावर आक्षेप घेतला आणि पुढे काय पाठवायला सांगितलं. मीटिंग बेलापूरला, गुंतवणूकदारांच्या ऑफिसात झाली होती. त्यांच्याकडून मंजुषा मॅडम आणि त्यांच्या हाताखालचा निशांत. आपल्याकडून यशराज सर आणि त्यांचा भागीदार, सारसोळ्याचा आकाशदादा. फोन टेबलावर ठेवून, सगळ्यांना विचारून रेकॉर्डिंग केलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, तुम्हाला काय समजलं ते शुक्रवारी सहापर्यंत लिहून पाठवा, सोमवारी आम्ही ठरवतो. ठरवतो म्हणजे काय, तर मोरा जेट्टीवरची मासळी बर्फाच्या पेट्यांतून खारघरच्या टॉवरांत पोचवणारी ही पाच माणसांची कंपनी पुढच्या वर्षी असेल की नसेल.

आता गंमत अशी, की मंजुषा मॅडम आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणायच्या, "छान. हा आकडा कसा काढलात?" हा प्रश्न की आक्षेप? संघमित्राने तो आधी प्रश्नांत टाकला. पुढे ऐकलं तर त्यांनी तेच आणखी दोनदा विचारलं होतं, आणि यशराज सरांनी दोन्ही वेळा भलतंच काहीतरी सांगितलं होतं. तिने उचलून तो आक्षेपांत टाकला. पाठवायच्या गोष्टींचा तर निव्वळ गोंधळ. यादी अकराची झाली, आणि नीट बघितल्यावर कळलं, की त्यातल्या आठ कुणी मागितल्याच नव्हत्या. सरच उत्साहाच्या भरात "तेही पाठवतो, हेही पाठवतो" करत सुटले होते. मागितलेलं वेगळं आणि आपण कबूल केलेलं वेगळं, असं तिने मध्ये रेघ मारून लिहिलं.

आवाजाचं लेखी करून देणारं सॉफ्टवेअर होतं, पण ते माणसांची नावं देत नाही. वक्ता एक, वक्ता दोन, वक्ता तीन, बस. एक म्हणजे सर, दोन म्हणजे मॅडम, तीन म्हणजे निशांत, हे तिने सुरुवातीलाच ठरवून टाकलं. आकाशदादा मीटिंगमध्ये बोलला असेल असं तिच्या डोक्यातही आलं नाही. ऑफिसातसुद्धा तो कोपऱ्यात बसून जेट्टीचे फोन घेत असतो.

बेचाळिसाव्या मिनिटाला दार वाजलं. सर नमुन्याची पेटी आणायला गाडीकडे गेले होते. सेहेचाळिसाव्या मिनिटाला परत आले. त्या चार मिनिटांत वक्ता तीनने या मीटिंगमधला सगळ्यात जबरी आक्षेप घेतला होता: "जून-जुलैत मासेमारी बंद असते. या कागदात बाराही महिने विक्री सारखी दाखवली आहे. ती होणार नाही."

संघमित्राने तो निशांतच्या नावावर लिहिला आणि कच्चा कागद सरांपुढे ठेवला.

सर साताऱ्याचे, चिडले की कानाच्या पाळ्या लाल होतात. "मी बाहेर गेल्यावर बोलला होय हा? त्या पोराला समुद्रातलं काय कळतं? लिही, बंदीच्या काळात आम्ही गोठवलेला माल विकतो. आणि जरा टोचेल असं लिही."

ती परत जागेवर आली. टोचायचं तर शब्द नेमके हवेत, म्हणून तिने ती चार मिनिटं कानाला हेडफोन घट्ट दाबून ऐकली. वक्ता तीन पुढे म्हणत होता, "गोठवलेला माल कोणी घेत नाही. आणि ताजा मिळत नाही; गेल्या जुलैत माझ्या आईनेच तीस पेट्या रिकाम्या परत पाठवल्या."

ती चक्रावली. निशांत पुण्याचा. त्याची आई पेट्या कशाला परत पाठवेल? पेट्या परत पाठवल्या होत्या गोजराबाईंनी. गोजराबाई मोराला मासळी विकतात, आणि त्या आकाशच्या आई.

तिने पुन्हा ऐकलं. निशांत अख्ख्या मीटिंगमध्ये बोललाच नव्हता. आवाज आकाशदादाचाच होता, पण बोलणं त्याचं नव्हतं. प्रत्येक "आहे" आणि "नाही" असं इस्त्री केलेलं. परक्यांसमोर तो असा बोलतो हे तिला दोन वर्षांत कळलंच नव्हतं.

तिने जेट्टीवर फोन लावला. मागे बर्फ फोडल्याचे आवाज येत होते.

"आकाशदादा, वक्ता तीन तू आहेस?"

"कोन तीन?"

"मासेमारी बंदीचं तू बोललास?"

"हो, मीच बोल्लो. बाईंनी सरळ इचारलं, मी सरळ सांगितलं."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"वरीसभर सांगतोय. दर सोमवारी सांगतोय. सोमवारच्या मीटिंगचं तूच लिवतेस ना? काढून बघ."

तिने काढून बघितलं. वर्षभरातल्या एकवीस सोमवारी आकाशच्या नावापुढे तेच एक वाक्य होतं: जेट्टीबाबत माहिती दिली. ते तिनेच लिहिलेलं. तो काय म्हणाला होता, ते आता तिला आठवेना. मेलं मला ऐकूच आलं नाही की मी ऐकलंच नाही, या विचाराने तिचा चेहरा गरम झाला. खरंच लाज वाटली तिला.

साडेपाच झाले होते. आक्षेपापुढे आकाशचं नाव लिहावं तर सर आणि आकाशदादा यांचं कायमचं फाटेल. निशांतचं ठेवावं तर ते धडधडीत खोटं, आणि समोरच्या दोघांना ते पहिल्या ओळीत कळेल, कारण ते तर खोलीतच होते. माहीत नव्हतं ते फक्त सरांना.

तिने निशांत खोडून आकाश लिहिलं. कागद नेऊन दिला, शेजारी हेडफोनही ठेवले.

सरांनी ती चार मिनिटं ऐकली. मग म्हणाले, "आक्षेप त्यांचे लिहायला सांगितले होते. आपले नाही."

"सर, मॅडमनी त्यावरूनच मागितलंय. गेल्या जून-जुलैत खरोखर किती पेट्या गेल्या, ते आकाशदादाने लिहून पाठवायचं. त्यालाच सांगितलंय."

"मला नाही?"

"नाही."

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या नाहीत. तेच तिला जास्त अवघड गेलं. त्यांनी परत हेडफोन घातले. त्या चार मिनिटांच्या शेवटी मॅडमनी एक प्रश्न विचारला होता: "हे सगळं माहीत असून तुम्ही यांच्याबरोबर का आहात?" उत्तर यायच्या आत दार वाजलं होतं आणि सरांचाच आवाज आला होता, बघा, ही आमची पेटी.

"हा प्रश्न लिहिलास?"

"लिहिलाय. उत्तर बाकी, असं लिहिलंय."

सरांनी स्वतःच्या फोनवरून आकाशला लावलं आणि स्पीकर चालू केला. "आक्या, मॅडमनी तुला शेवटी एक विचारलं होतं. मी आलो म्हणून तुझं राहिलं. ते पाठवायचंय."

पलीकडे बर्फ फोडायचं थांबलं. "मी गेलो तर त्या कागदावं बारा महिने तसेच र्‍हातील ना," आकाश म्हणाला. "मंग जूनमदी तू एकटाच रिकामी गाडी घेऊन उभा र्‍हाशील जेट्टीवर. म्हनून हाय."

सहाला दहा कमी होते. संघमित्राने कर्सर वरखाली फिरवला, आणि तिला खरोखरच कळेना.

"सर, हे कुठल्या रकान्यात घालू?"

"आक्षेपातच घाल," सर म्हणाले. "आणि पुढे लिही, मान्य."